एका व्हिडिओसाठी एक पान: संहितेपासून पर्यायी मजकुरापर्यंत

गोव्यात मराठीतून छोटे माहितीपर व्हिडिओ करणारी जी मंडळे, वाचनालये आणि शाळांचे गट आहेत, त्यांची कामाची पद्धत बहुधा विखुरलेली असते. संहिता साखळीला बसलेली एखादी शिक्षिका लिहिते, चित्रीकरण म्हापशाचा कोणी करतो, संकलन फोंड्याला होते आणि तयार व्हिडिओ यूट्यूबवर किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर चढवण्याचे काम पणजीतल्या चौथ्याच माणसाकडे असते. व्हिडिओची फाइल ड्राइव्हवरून त्याच्यापर्यंत पोहोचते, पण तिच्यासोबत जे पोहोचायला हवे ते व्हॉट्सअॅपच्या पाच-सहा संदेशांत विखुरलेले राहते. शीर्षक एका संदेशात, निवेदकाचे नाव दुसऱ्यात, संगीत कोठून घेतले हे कोणाच्या तरी आठवणीत आणि थंबनेलचे वर्णन कोठेच नाही, अशी ती स्थिती असते. चढवणारा माणूस मग उरलेले स्वतःच्या अंदाजाने भरतो.

व्यावसायिक संकलक ज्याला ‘डिलिव्हरी शीट’ म्हणतात, ते एकपानी पत्रक याच ठिकाणी उपयोगी पडते. त्यात सहा गोष्टी असतात: संहिता, शीर्षक, वर्णन, हॅशटॅग, श्रेयनामावली आणि पर्यायी मजकूर, म्हणजे ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी त्या चित्राचे शब्दांत दिलेले रूप. प्रत्येक व्हिडिओला एक पत्रक, पत्रकाच्या फाइलचे नाव व्हिडिओच्या नावासारखेच आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये, एवढी साधी रचना पुरते. मात्र या सहा गोष्टी सहा वेगळ्या फाइलींत न ठेवता एकाच पानावर आणण्याचा खरा फायदा नीटनेटकेपणापेक्षा मोठा आहे. शेजारी शेजारी आल्यावर त्या एकमेकींच्या चुका दाखवतात. हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, चोडण बेटावरच्या खाजन शेतीवर दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. मांडवी आणि जुवारी यांच्या खाऱ्या पट्ट्यात नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचे आणि जांभ्या दगडाचे बांध घातलेले असतात आणि त्या बांधांत पाणी जाण्या-येण्यासाठी मानस असते. मानशीची लाकडी दारे नदीच्या बाजूलाच उघडतील अशी बसवलेली असतात. भरतीच्या वेळी नदीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला नदीची पातळी उतरली की आतल्या बाजूला साचलेले पावसाचे पाणी दारांना बाहेर लोटते आणि नदीत निघून जाते. व्हिडिओचा विषय एवढाच आहे: दारे आपोआप का मिटतात आणि का उघडतात.

पत्रकातला सर्वांत मोठा भाग संहितेचा असतो आणि येथे एक भेद आधीच स्पष्ट करायला हवा. चित्रीकरणापूर्वी लिहिलेली संहिता आणि तयार व्हिडिओत प्रत्यक्ष ऐकू येणारे शब्द यांत जवळजवळ नेहमी फरक पडतो, कारण निवेदक एखादे वाक्य आपल्या जिभेला सोयीचे करून घेतो आणि संकलक एखादे वाक्य वेळेसाठी कापून टाकतो. पत्रकात यायला हवी ती दुसरी, म्हणजे ऐकून उतरवलेली संहिता, कारण उपशीर्षके तिच्यावरूनच तयार होतात आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला मिळणारा व्हिडिओ म्हणजे ती उपशीर्षकेच. शांतपणे बोललेल्या मराठी निवेदनात मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द बसतात. म्हणून दीड मिनिटाच्या व्हिडिओची संहिता १८० शब्दांच्या आसपास असली तर ती विश्वासार्ह आहे, आणि पत्रकात ३०० शब्द दिसले तर ती ऐकून उतरवलेली नसून मूळ मसुदाच तेथे चिकटवला आहे, हे व्हिडिओ न पाहताही ओळखता येते. प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी मिनिट आणि सेकंद लिहिलेले असले की पुढचे काम सोपे होते. प्रत्येक ओळीला वेळ देण्याची गरज नाही.

गोव्यातल्या व्हिडिओंत आणखी एक गोष्ट हटकून येते. निवेदन मराठीत असते, पण बांधावर उभा राहून बोलणारा शेतकरी कोकणीत बोलतो. त्याचे वाक्य पत्रकात जसे उच्चारले तसेच लिहावे, उदाहरणार्थ ‘भरती आयली काय दार आपशींच धांपता’, आणि त्याच्या खाली उपशीर्षकासाठी मराठी वाक्य द्यावे. ते वाक्य परस्पर मराठीत लिहून टाकले, तर बोलणाऱ्याच्या ओठांशी न जुळणारे उपशीर्षक पडद्यावर येते आणि ज्याला दोन्ही भाषा कळतात, म्हणजे गोव्यातला जवळजवळ प्रत्येक प्रेक्षक, त्याला ते लगेच खटकते.

आता पर्यायी मजकुराकडे वळू. यादीत तो शेवटी येतो आणि म्हणूनच बहुतेक वेळा रिकामा राहतो. माझ्या मते तो संहितेनंतर लगेच लिहायला हवा. हा मजकूर चित्रासाठी असतो. व्हिडिओचे थंबनेल संकेतस्थळावर लावताना, त्यातली स्थिरचित्रे इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा एक्सवर टाकताना ही जागा भरावी लागते आणि टॉकबॅक किंवा एनव्हीडीए यांसारखे पडदावाचक ती मोठ्याने वाचतात. यूट्यूब व्हिडिओ चढवताना असा मजकूर मागत नाही, म्हणून अनेकांना तो अनावश्यक वाटतो; पण तेच थंबनेल दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पानावर लागते आणि तेव्हा तो लिहायला जाणकार माणूस जवळ नसतो.

मजकूर लिहिण्याची रीत सरळ आहे. ‘चित्र’ किंवा ‘फोटो’ या शब्दाने सुरुवात करायची नाही, कारण ते चित्र आहे हे पडदावाचक आधीच सांगतो. शीर्षकाची पुनरावृत्ती करायची नाही, कारण ते शेजारीच वाचले जाते. थंबनेलवर अक्षरे छापलेली असतील तर ती मात्र जशीच्या तशी द्यायची, कारण चित्रातली अक्षरे पडदावाचकाच्या हाती भरवशाने लागत नाहीत. आणि जे चित्र ज्या कारणासाठी निवडले, ते कारण शब्दांत यायला हवे. ‘सुंदर गोवा खाजन शेती मानस चोडण’ असे शोधशब्दांचे गाठोडे तेथे टाकले, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘बांधातल्या मानशीची लाकडी दारे मिटलेली आहेत, नदीच्या बाजूला पाणी दारांच्या वरच्या कडेपर्यंत चढले आहे, शेताच्या बाजूला ते त्याहून हातभर खाली आहे’ असे लिहिले, तर पाण्याच्या दोन पातळ्यांमधला फरक, जो या व्हिडिओचा गाभा आहे, तो न पाहताही कळतो.

पानावर सगळे एकत्र आणण्याचा फायदा नेमका येथे दिसतो. समजा, आपल्या व्हिडिओसाठी संकलकाने निवडलेल्या थंबनेलमध्ये एक माणूस मानशीवर उभा राहून दोरीने दार ओढत आहे. चित्र देखणे आहे, माणसामुळे त्यात जीव आहे आणि संकलकाच्या दृष्टीने निवड योग्यच आहे. पण पर्यायी मजकूर लिहिणारी व्यक्ती जे दिसते तेच लिहील: ‘एक माणूस दोरीने मानशीचे दार वर ओढत आहे.’ या ओळीच्या वरच संहिता आहे, तीत दार आपोआप मिटते असे म्हटले आहे, आणि शीर्षकातही ‘आपोआप’ हा शब्द आहे. पाहणाऱ्याच्या नजरेला हा विरोध जाणवत नाही, कारण चित्राकडे आपण एकंदरीत पाहतो. वाक्यात मात्र कर्ता आणि क्रियापद लिहावे लागते आणि क्रियापद लिहिले की विसंगती उघडी पडते. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक तर थंबनेल बदलून मिटलेल्या दारांचे घ्यायचे, किंवा दुरुस्तीसाठी अथवा पाणी मुद्दाम आत घेण्यासाठी दारे हातानेही हलवावी लागतात, असे एक वाक्य संहितेत वाढवायचे. दुसरा मार्ग निवेदन पुन्हा ध्वनिमुद्रित करायला लावतो, म्हणून पत्रक व्हिडिओ पूर्ण झाल्यावर भरण्याऐवजी संकलनाचा पहिला कच्चा मसुदा तयार झाल्यावरच भरायला घ्यावे.

याच शेजारपणातून दुसरी एक उणीव सापडते. निवेदनात ‘आता इकडे पाहा, पाणी असे थांबते’ असे वाक्य असेल, तर डोळ्यांनी पाहणाऱ्याला ते पुरते; पण संहिता नुसती वाचली की ‘इकडे’ आणि ‘असे’ या शब्दांच्या जागी भोके दिसतात. ‘पाहा, नदीच्या बाजूचे पाणी दारांपाशी थांबते’ एवढा बदल केला की दृष्टिहीन श्रोत्यासाठी वेगळे निवेदन जोडण्याची गरज बरीच कमी होते.

शीर्षकाबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही, एक तांत्रिक बाब सोडून. यूट्यूबवर शीर्षकाला १०० वर्णांची मर्यादा आहे आणि देवनागरीत वर्ण मोजताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोडी चिन्ह हे सगळे वेगवेगळे धरले जातात. डोळ्यांना ‘क्षेत्र’ हा शब्द दोन अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र त्यात सात वर्ण मोजतो. ‘भरती आली की मानस आपोआप का मिटते? | खाजन शेती, चोडण’ हे शीर्षक, मधल्या जागा आणि चिन्हे धरून, ५० वर्णांचे होते, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत आहे. तरीही मोबाइलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो, म्हणून प्रश्न आधी आणि गावाचे नाव नंतर असा क्रम ठेवला आहे. ‘खाजन शेती’ हे शब्द वगळू नयेत, कारण महाराष्ट्रातला वाचक नुसत्या ‘मानस’ शब्दावरून भलतीच कल्पना करील.

वर्णनाला ५,००० वर्णांची ऐसपैस जागा मिळते, पण ‘आणखी पाहा’ दाबण्यापूर्वी दोन-तीन ओळीच दिसतात. त्या ओळींत व्हिडिओ काय सांगतो ते थेट लिहावे: ‘खाजन शेतीच्या बांधातली लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. ही रचना कशी चालते, ते चोडण येथे केलेल्या चित्रीकरणातून दीड मिनिटात.’ त्याखाली चित्रीकरणाचा महिना द्यावा, कारण पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली मानस वेगवेगळी दिसते, आणि सर्वांत खाली श्रेयनामावली. वर्णनात कोनी कंस, म्हणजे लहान-मोठे दाखवणारी चिन्हे, यूट्यूब स्वीकारत नाही, हे पत्रक तयार करणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

हॅशटॅगवर लोक जेवढा वेळ घालवतात तेवढी त्यांची योग्यता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. यूट्यूबवर वर्णनातले जास्तीत जास्त तीनच हॅशटॅग शीर्षकापाशी दिसतात आणि एका व्हिडिओवर साठपेक्षा जास्त टाकले तर ते सगळेच दुर्लक्षिले जातात. पत्रकात पाच असले तरी पुरेत. गोव्यापुरती खरी अडचण गावांच्या नावांची आहे. प्रेक्षक शोधताना देवनागरीत ‘चोडण’ लिहील किंवा रोमन लिपीत सरकारी पाट्यांवरचे Chorao लिहील. पेडण्याचे Pernem होते, डिचोलीचे Bicholim आणि साखळीचे Sanquelim. उच्चारावरून रोमन लिपीत स्वतःच केलेले Chodan हे रूप वापरले, तर पाटीवरचे रूप टाइप करणारा त्या वाटेने आपल्यापर्यंत येत नाही. म्हणून पत्रकात गावाचा एक हॅशटॅग देवनागरीत आणि एक रूढ रोमन रूपात द्यावा. आपल्या उदाहरणासाठी ही ओळ अशी होईल:

```
#खाजन_शेती #चोडण #Chorao #Khazan #गोवा
```

‘खाजन’ आणि ‘शेती’ यांच्यामध्ये अधोरेखा आहे, कारण मोकळी जागा किंवा संयोगचिन्ह आले की हॅशटॅग तेथेच संपतो. ‘#भरती-ओहोटी’ लिहिले तर त्यातला ‘#भरती’ एवढाच भाग जोडला जातो. व्हिडिओ आधी ‘अनलिस्टेड’ म्हणून चढवावा आणि प्रत्येक हॅशटॅग निळा होऊन शेवटपर्यंत जोडला गेला आहे का, हे डोळ्यांनी पाहून मगच तो सार्वजनिक करावा.

श्रेयनामावली हा पत्रकातला असा भाग आहे की तो नंतर भरता येत नाही. संहिता ऐकून पुन्हा उतरवता येते, वर्णन पुन्हा लिहिता येते, पण दोन महिन्यांनी पार्श्वसंगीत कोठून घेतले होते हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा, निवेदन आणि पडद्यावर बोलणाऱ्या व्यक्तींची नावे त्यांना विचारून, त्यांना हवी तशी लिहून घ्यावीत, आणि नाव देण्यास त्यांची संमती आहे की नाही हेही त्याच ओळीत नोंदवावे. गोव्यात एकाच माणसाचे नाव तीन प्रकारे लिहिले जाते, म्हणून अंदाजाने लिहिलेले नाव बहुधा चुकते.

संगीताच्या ओळीत चार गोष्टी लागतात: रचनेचे नाव, कर्त्याचे नाव, ती जेथून घेतली तो दुवा आणि परवान्याचे नेमके नाव. नुसते ‘संगीत: इंटरनेट’ किंवा ‘मोफत संगीत’ हे श्रेय नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने अनेकांना सगळे सारखेच वाटतात, पण व्हिडिओच्या बाबतीत त्यांत महत्त्वाचा फरक आहे. या परवान्यांच्या मजकुरानुसार एखादे संगीत हलत्या चित्राशी वेळेने जुळवले की ती नेहमीच रूपांतरित कृती मानली जाते. त्यामुळे CC BY हा परवाना असेल, तर कर्त्याचे नाव, परवान्याचा दुवा आणि केलेल्या बदलांची नोंद देऊन संगीत वापरता येते. परवान्यात ND, म्हणजे रूपांतराला मनाई, असेल, तर ते व्हिडिओखाली लावून प्रसिद्ध करता येत नाही. आणि SA असेल, तर आपला व्हिडिओही तशाच परवान्याखाली खुला करावा लागतो. परवान्याच्या या अक्षरांची नोंद पत्रकात असली, तर चढवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारावा लागत नाही.

घुमटाच्या वादनाचे किंवा जुन्या भजनाचे ध्वनिमुद्रण वापरताना ‘हे तर पारंपरिक आहे’ असे म्हणून ओळ रिकामी सोडण्याची सवय आहे. गीत पारंपरिक असले तरी त्याचे ध्वनिमुद्रण पारंपरिक नसते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९७० साली प्रकाशित झालेली तबकडी २०३० च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. गावातल्या पथकाचे वादन आपणच ध्वनिमुद्रित केले असेल, तर वादकांचे स्वतःचे हक्क असतात; त्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि पत्रकात ती कोठे ठेवली आहे तेवढे नोंदवावे.

हे सगळे एका पानावर मावते का, असा प्रश्न येणारच. अकरा टंकमापाच्या देवनागरी अक्षरांत ए-फोर कागदावर साधारण ४०० शब्द बसतात. संहितेचे १८०, वर्णनाचे सत्तर, श्रेयनामावलीचे साठ-सत्तर आणि पर्यायी मजकुराचे तीस-चाळीस, असे धरले तर दीड मिनिटाचा व्हिडिओ आरामात मावतो, दोन मिनिटांचा दाटीवाटीने मावतो. त्याहून लांब व्हिडिओची संहिता वेगळ्या फाइलीत ठेवावी आणि पत्रकात तिच्या फाइलचे नाव आणि पहिले व शेवटचे वाक्य द्यावे, म्हणजे चुकीची आवृत्ती जोडली गेली तर ती पकडता येते. अक्षरे बारीक करून सहाही गोष्टी कोंबण्यात अर्थ नाही, कारण मग त्या शेजारी असूनही कोणी वाचत नाही.

पत्रक युनिकोडमध्येच असायला हवे. छपाईच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली संहिता पडद्यावर मराठी दिसते, पण यूट्यूबच्या चौकटीत चिकटवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. तपासण्यासाठी पत्रकातला एक परिच्छेद मोबाइलच्या संदेशात चिकटवून पाहावा; तेथे तो वाचता आला तर तो सगळीकडे वाचता येईल. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केले असेल तर जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरे एकदा नजरेखालून घालावीत, कारण रूपांतरात मोडतात ती प्रामुख्याने हीच.

प्रसिद्धीनंतर एखादे नाव चुकल्याचे कळले तर यूट्यूबवरचे वर्णन आणि शीर्षक केव्हाही दुरुस्त करता येते, वेगळ्या फाइलने चढवलेली उपशीर्षकेही बदलता येतात. व्हिडिओतच छापलेली अक्षरे मात्र बदलता येत नाहीत. कोणतीही दुरुस्ती आधी पत्रकात करावी, तिच्यापुढे तारीख टाकावी आणि मग तेथून ती यूट्यूब, संकेतस्थळ आणि इन्स्टाग्राम या तिन्ही ठिकाणी न्यावी. उलट क्रमाने, म्हणजे आधी यूट्यूबवर आणि जमेल तेव्हा पत्रकात, अशी दुरुस्ती झाली की पुढच्या वेळी तोच व्हिडिओ दुसरीकडे देताना जुनी चूक पत्रकातून परत बाहेर पडते.